पासपोर्ट सापडत नाही आणि विमान तासाभरात आहे

मुंबईच्या टी-2 टर्मिनलवरून दुबईला निघालेल्या एका प्रवाशाची कल्पना करू. साठीचे गृहस्थ, मुलाकडे महिनाभर राहायला चाललेले. विमान पहाटे 4 वाजता. बॅग चेक-इन झाली, 2 वाजून 25 मिनिटांनी इमिग्रेशनचा शिक्का पडला, पंधरा मिनिटांत सुरक्षा तपासणीही आटोपली. नंतर ड्यूटी-फ्री दुकानात नातवासाठी चॉकलेटं घेतली आणि बिलाच्या वेळी काउंटरवरच्या मुलीनं पासपोर्ट मागितला. खिशात हात घातला. बोर्डिंग पास आहे, पासपोर्ट नाही. घड्याळात 2 वाजून 55 मिनिटं.

अशा वेळी माणूस दोनपैकी एक गोष्ट करतो. आल्या वाटेनं धावत सुटतो, किंवा घाबरून पहिल्याच भेटलेल्या खाकी वर्दीला "पासपोर्ट हरवला, तक्रार लिहून घ्या" म्हणतो. दोन्हींत नुकसान आहे आणि दुसरीत जास्त. पासपोर्ट हरवल्याची अधिकृत नोंद झाली की तो रद्द धरला जातो. देशोदेशींच्या सीमांवर तपासली जाणारी हरवलेल्या-चोरीला गेलेल्या प्रवासी कागदपत्रांची एक यादी इंटरपोलकडे 2002पासून आहे. अशी नोंद तिथवर पोचू शकते. मग तासाभरानं तोच पासपोर्ट खुर्चीखाली सापडला, तरी त्यावर प्रवास करता येत नाही. म्हणून क्रम ठरवताना माझी कसोटी एकच आहे : जे मागं घेता येतं ते आधी, जे मागं घेता येत नाही ते सगळ्यात शेवटी.

पहिली तीन-चार मिनिटं जागेवरच घालवायची. दुकानातून बाहेर या, एखाद्या रिकाम्या खुर्चीवर हातातली बॅग पूर्ण उलटी करा. चाचपून बघणं पुरेसं नसतं, कारण घाईत पासपोर्ट लॅपटॉपच्या कप्प्यात, औषधांच्या पिशवीत किंवा ट्रेमधून उचललेल्या जाकिटाच्या आतल्या खिशात गेलेला असतो. सोबत कुटुंब असेल तर प्रत्येकाचा पासपोर्ट उघडून फोटो बघा. काउंटरवरून चार पासपोर्टांची गड्डी एकदम परत मिळते, त्यात एक दुसऱ्याच्या पर्समध्ये जातो आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

नाही सापडला, तर पुढचा प्रश्न 'कुठे पडला असेल' हा नसून 'शेवटी कोणत्या अधिकाऱ्याच्या हातात होता' हा आहे. विमानतळावर पासपोर्ट ठरावीक ठिकाणी दाखवावाच लागतो : प्रवेशद्वारावर सीआयएसएफच्या जवानाला, चेक-इन काउंटरवर, इमिग्रेशनला आणि शेवटी बोर्डिंग गेटवर. यातला प्रत्येक टप्पा म्हणजे तिथवर पासपोर्ट तुमच्याकडे होता याचा पुरावा. आपल्या गृहस्थांनी इमिग्रेशन ओलांडलंय. म्हणजे प्रवेशद्वार, ट्रॉली, चेक-इनचा कट्टा हे सगळं शोधातून बाद झालं. उरलं इमिग्रेशनचं काउंटर, सुरक्षा तपासणी, त्यापुढचं स्वच्छतागृह आणि दुकान. एवढं मोठं टर्मिनल दोन मिनिटांत चार जागांवर आलं.

या चारांत सगळ्यात जास्त संशय सुरक्षा तपासणीच्या ट्रेवर घ्यावा. बोर्डिंग पास तिथे हातात लागतो, पासपोर्ट मात्र ट्रेमध्ये सुटा टाकला जातो. गडद निळा पासपोर्ट गडद रंगाच्या ट्रेच्या तळाशी दिसत नाही. बॅग आणि मोबाइल उचलला की माणूस पुढे जातो. रिकामा समजून तो ट्रे दुसऱ्या ट्रेंवर रचला जातो आणि रांगेच्या सुरुवातीला परत जातो. त्यामुळे पासपोर्ट जिथे तुम्ही बॅग उचलली तिथे नसतो, तर मशीनच्या अलीकडे, ट्रेच्या चळतीत असतो. किंवा तो पुढच्या प्रवाशाच्या सामानाबरोबर उचलला जातो. चोरी म्हणून नाही, चुकून.

आता सांगायचं कोणाला? सुरक्षा तपासणी ओलांडल्यावर तुम्हाला उलट्या दिशेनं मशीनपाशी जाता येत नाही; तसा प्रयत्न केला तर अडवतील आणि वेळ जाईल. तपासणीच्या बाहेरच्या टोकाला उभ्या असलेल्या सीआयएसएफ जवानाला सांगा आणि त्या पाळीच्या निरीक्षकाला भेटायचं आहे असं म्हणा. सांगण्यात चार गोष्टी हव्यात : मशीन किंवा रांगेचा क्रमांक, वेळ, ट्रेमध्ये आणखी काय होतं, आणि पासपोर्टवर कव्हर असल्यास त्याचा रंग. "साहेब, चौथ्या लेनमधून 2 वाजून 40च्या सुमारास आलो, ट्रेमध्ये काळी सॅक आणि चष्म्याचं घर होतं, पासपोर्टला तपकिरी कव्हर आहे." एवढं ऐकलं की ते ट्रे तपासायला लावतात आणि गरज पडल्यास त्या लेनचं सीसीटीव्ही चित्रण बघतात. चित्रण तुम्हाला दाखवत नाहीत, ते स्वतः बघतात. वेळ पाच मिनिटांच्या अंतरानं नेमकी सांगितली तर काम पटकन होतं, "तासाभरापूर्वी कधीतरी" म्हटलं तर होत नाही. वेळ आठवत नसेल तर मोबाइल बघा. रांगेत असताना घरी केलेला फोन किंवा पाठवलेला संदेश वेळ सांगतो.

पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये असेल तर तो इथे उपयोगी पडतो. त्यावर प्रवास करता येत नाही, पण सापडलेला पासपोर्ट तुमचाच आहे हे क्षणात पटवता येतं.

याच वेळी, म्हणजे 3 वाजून 5 मिनिटांच्या आसपास, विमान कंपनीला कळवायला हवं. सोबत कोणी असेल तर त्याला गेटवर पाठवा, एकटे असाल तर सीआयएसएफला सांगून झाल्यावर स्वतः जा. पुष्कळजण इथे संकोचतात, कळवलं तर आपल्याला उतरवतील असं वाटतं. प्रत्यक्षात उलट आहे. प्रवासी चढला नाही तर त्याची चेक-इन केलेली बॅग विमानात ठेवता येत नाही, ती शोधून काढावी लागते आणि विमानाला उशीर होतो. म्हणून तुम्ही कुठे अडकलात हे लवकर कळणं कंपनीच्याही फायद्याचं असतं. त्यांचे कर्मचारी वायरलेसवर चेक-इनच्या आणि इतर गेटवरच्या सहकाऱ्यांना विचारू शकतात. चुकून तुमचा पासपोर्ट उचललेल्या माणसाला ते बऱ्याचदा त्याच्या स्वतःच्या गेटवरच कळतं, आणि तो तिथल्याच कर्मचाऱ्याला देतो. मुंबई विमानतळावर सार्वजनिक घोषणा जवळजवळ बंद आहेत, त्यामुळे ध्वनिक्षेपकावरून आपलं नाव पुकारलं जाईल याची वाट पाहू नका. गेट साधारण सुटण्याच्या 20 ते 25 मिनिटं आधी बंद होतं. आपल्या गृहस्थांकडे साडेतीनपर्यंतचा वेळ आहे.

आणि नाहीच सापडला तर? देशातल्या विमानतळावर ऐनवेळचा पासपोर्ट देणारी कोणतीही खिडकी नाही. परदेशात पासपोर्ट गेला तर तिथला भारतीय दूतावास किंवा वाणिज्य दूतावास भारतात परतण्यापुरतं इमर्जन्सी सर्टिफिकेट देतो, पण ते घरी येण्यासाठी असतं, घरून निघण्यासाठी नाही. तेव्हा हे विमान सुटणार हे मान्य करून तीन कामं करायची, आणि ती विमान सुटायच्या आत. गेटवरच्या कर्मचाऱ्याला सांगून स्वतःला 'ऑफलोड' करून घ्या. नुसते गेटवर गेलाच नाहीत तर 'नो-शो' लागतो आणि अनेक तिकिटांवर त्यामुळे परतीचा प्रवासही रद्द होतो. मग कंपनीच्या माणसाबरोबर इमिग्रेशनला परत जा. तिथे तुम्ही देशाबाहेर गेल्याची नोंद आधीच झालेली आहे, ती रद्द व्हायलाच हवी. नाहीतर तुम्ही घरी असाल आणि सरकारी संगणकात परदेशी. तिसरं, बॅग टॅग दाखवून सामान परत घ्या. ती बॅगही उघडून बघा.

पोलिसांत जायची वेळ आता आली. टी-2 सहार पोलीस ठाण्याच्या हद्दीत येतं. त्या नोंदीची प्रत, हरवल्याचं प्रतिज्ञापत्र आणि पत्ता-जन्मतारखेचे पुरावे घेऊन पासपोर्ट सेवा केंद्रात पुन्हा अर्ज करावा लागतो. हरवलेल्याच्या बदली 36 पानी पासपोर्टचं शुल्क 3,000 रुपये आहे. नवा पासपोर्ट नव्या क्रमांकाचा असतो, म्हणून जुन्या क्रमांकावर काढलेला दुबईचा ई-व्हिसा चालत नाही, तोही नव्यानं काढावा लागतो. तिकिटाची नवी तारीख हे सगळं धरूनच घ्या.

पाकीट हरवलं तर कसोटी तीच, पण सुरुवात वेगळी. पासपोर्टवर अनोळखी माणूस पाच मिनिटांत काही करू शकत नाही. कार्डावर करू शकतो : पिन न टाकता, नुसतं टेकवून एका वेळी 5,000 रुपयांपर्यंत खर्च होतो. म्हणून शोध सुरू करायच्याही आधी बँकेचं ॲप उघडून सगळी कार्डं बंद करा. इथे 'बंद' म्हणजे कायमचं ब्लॉक नव्हे. रिझर्व्ह बँकेच्या 2020च्या नियमांमुळे प्रत्येक कार्ड चालू-बंद करायची सोय बँकांना द्यावी लागते, ती वापरा. पाकीट सापडलं तर एका बोटानं कार्ड पुन्हा सुरू होतं. कायमचं ब्लॉक केलेलं कार्ड मात्र पुन्हा जिवंत होत नाही, आणि नवं येईपर्यंत तुम्ही परक्या गावात असता. फॉरेक्स कार्डालाही अशी सोय बहुधा असते.

त्यानंतर शोध, वर सांगितला तसाच. विमानात चढायची वेळ आली आणि पाकीट सापडलेलं नसेल, तर गेटवर उभं राहूनच बँकेला कार्ड हरवल्याचं कळवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. तुमच्या निष्काळजीपणामुळे झालेलं नुकसान बँकेला कळवेपर्यंत तुमचं असतं, कळवल्यानंतर झालेलं बँकेचं. हवेत तीन तास फोन बंद असेल तर ती रेघ तीन तास पुढे ढकलली जाते.

देशांतर्गत प्रवासात पाकिटाबरोबर ओळखपत्रही जातं आणि लोक इथेच हातपाय गाळतात. मोबाइलमधलं एम-आधार प्रवेशद्वारावर ओळख म्हणून चालतं. साधा काढलेला आधारचा फोटो चालत नाही, ॲपमधलंच दाखवावं लागतं. एम-आधार फोनमध्ये नसेल तर तिथेच उतरवून घेता येतं, मात्र आधारशी जोडलेला मोबाइल क्रमांक तुमच्याकडे असायला हवा, कारण त्यावर ओटीपी येतो. ॲप उघडलंच आहे तर आधारचं बायोमेट्रिक लॉकही करून टाका.

टर्मिनलमध्ये सापडलेल्या वस्तू शेवटी विमानतळाच्या हरवलं-सापडलं कक्षात जमा होतात, आणि सीआयएसएफच्या संकेतस्थळावरही विमानतळानुसार सापडलेल्या वस्तूंची यादी असते. विमानात सुटलेली वस्तू मात्र विमान कंपनीकडे विचारायची. तुम्ही दुबईला पोचलात आणि पाकीट मुंबईत सापडलं, तर नातेवाइकाला सही केलेलं अधिकारपत्र, तुमच्या ओळखपत्राची प्रत आणि पाकिटात काय काय होतं याची यादी पाठवा. ती यादी विमानात बसल्या बसल्या लिहून काढा. दोन दिवसांनी कोणत्या कप्प्यात काय होतं ते आठवत नाही, आणि कक्षातला माणूस पहिलं तेच विचारतो.