जमिनीला टेकलेली एक तार

अकरा केव्हीच्या फीडरवर सर्वांत जास्त वेळा होणारा बिघाड म्हणजे एका फेजचा जमिनीशी संबंध येणे. कधी पिन इन्सुलेटर फुटतो, कधी ओली फांदी तारेला चिकटते, कधी जंपर सुटून क्रॉस आर्मवर टेकतो आणि कधी तारच तुटून शेतात पडते. सबस्टेशनातला ऑपरेटर या सगळ्याला अर्थ फॉल्ट म्हणतो. पण हाच फॉल्ट सबस्टेशनच्या दारात झाला तर तीन हजार अँपिअर वाहतात, आणि दहा किलोमीटरवरच्या कोरड्या रानात तार पडली तर ब्रेकर हलतही नाही. तार जिवंतच पडून राहते. असे का होते, हे आकड्यांनी पाहायचे तर १९१८ सालच्या एका युक्तीपर्यंत जावे लागते.

तिन्ही फेज एकदम शॉर्ट झाले तर गणित सोपे असते. तिन्हींची अवस्था सारखीच, म्हणून एका फेजचा हिशेब केला की काम झाले. फेजच्या व्होल्टेजला वाटेतल्या इम्पिडन्सने भागायचे. एकच फेज जमिनीला लागला की ही सोय जाते. एका फेजमध्ये प्रचंड करंट, उरलेल्या दोघांत फॉल्टचा करंट शून्य, आणि तिन्ही तारा एकाच खांबावर असल्याने एकीतला करंट दुसरीत व्होल्टेज उत्पन्न करतो. सगळी समीकरणे एकमेकांत अडकतात.

ही गुंतागुंत चार्ल्स फोर्टेस्क्यू यांनी सोडवली. कॅनडात जन्मलेले फोर्टेस्क्यू अमेरिकेत वेस्टिंगहाउस कंपनीत काम करत. १९१३च्या सुमारास ते असंतुलित पुरवठ्यावर इंडक्शन मोटर कशी चालते याचे गणित मांडत होते. त्यातून हाती आलेली पद्धत त्यांनी १९१८च्या जूनमध्ये अटलांटिक सिटीत अमेरिकेतल्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेपुढे वाचली. कितीही वाकड्यातिकड्या तीन राशी घेतल्या तरी त्या तीन शिस्तबद्ध संचांच्या बेरजेने लिहिता येतात, हे त्यांचे म्हणणे. पहिल्या संचात तीन समान राशी एकमेकींपासून १२० अंशांवर, नेहमीच्या आर-वाय-बी क्रमाने फिरणाऱ्या. हा पॉझिटिव्ह सिक्वेन्स. दुसरा संच तसाच, फक्त क्रम उलटा; तो निगेटिव्ह. तिसऱ्यात तिन्ही राशी समान आणि एकाच दिशेला. तो झिरो सिक्वेन्स.

आपल्या फॉल्टवर हे लावून पाहू. आर फेज जमिनीला लागला, त्यातून I एवढा करंट गेला, वाय आणि बी मध्ये काहीच नाही. आता प्रत्येक संचाला I चा एक तृतीयांश द्या. आर फेजमध्ये तिन्ही तृतीयांश एकाच दिशेला येतात आणि बेरीज पूर्ण I होते. वाय फेजमध्ये मात्र पॉझिटिव्हचा तुकडा एका दिशेला, निगेटिव्हचा त्याच्यापासून १२० अंशांवर आणि झिरोचा तिसऱ्याच दिशेला पडतो. एका गाठीला बांधलेले तीन दोर तिघांनी तीन बाजूंनी सारख्या जोराने ओढले तर गाठ जागची हलत नाही. तसेच इथे होते, बेरीज शून्य. बी फेजमध्येही तेच. म्हणजे नसलेला करंट या पद्धतीत तीन असलेल्या करंटांच्या वजाबाकीतून येतो. पहिल्यांदा वाचताना ही हातचलाखी वाटते. पण लाईन आणि ट्रान्सफॉर्मर तिन्ही फेजसाठी सारखे असतील तर प्रत्येक संच फक्त आपल्याच जातीचा व्होल्टेज-ड्रॉप करतो, दुसऱ्याच्या वाटेत येत नाही. म्हणून एका गुंतलेल्या सर्किटऐवजी तीन सुटी, सोपी सर्किटे मांडता येतात.

ती जोडायची कशी, हे फॉल्टच सांगतो. वर पाहिले की तिन्ही संचांतला करंट सारखाच आहे, एक तृतीयांश I. जिथे एकच करंट सगळ्यांतून जातो ती जोडणी सिरीजची. शिवाय आर फेज थेट जमिनीला लागल्यामुळे तिथले व्होल्टेज शून्य, म्हणजे तिन्ही संचांच्या व्होल्टेजची बेरीज शून्य. तीही सिरीजमध्येच जमते. जनित्र फक्त सरळ क्रमाचे व्होल्टेज तयार करते, त्यामुळे सोर्स एकट्या पॉझिटिव्ह नेटवर्कमध्ये असतो आणि बाकी दोन नेटवर्क त्याच्यापुढे नुसत्या अडथळ्यासारखी येतात:

I = 3E / (Z1 + Z2 + Z0)

आता एक सबस्टेशन घेऊ. ३३/११ केव्हीचा ५ एमव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, इम्पिडन्स ७.१५ टक्के, ३३ च्या बाजूला डेल्टा आणि ११ च्या बाजूला स्टार, न्यूट्रल थेट अर्थ केलेला. ३३ केव्ही बसची फॉल्ट लेव्हल २५० एमव्हीए धरू. अकरा केव्हीच्या बाजूने मोजले तर ट्रान्सफॉर्मरचा रिअ‍ॅक्टन्स १.७३ ओहम आणि मागच्या ग्रीडचा ०.४८ ओहम येतो. हिशेब डोळ्यांपुढे राहावा म्हणून रेझिस्टन्स सोडून देऊ.

पॉझिटिव्ह नेटवर्कमध्ये दोन्ही येतात, बेरीज २.२१ ओहम. ट्रान्सफॉर्मर आणि लाईन यांना फेजचा क्रम सरळ की उलटा याचा फरक पडत नाही, आणि मागची जनित्रे दूर आहेत, म्हणून निगेटिव्हही २.२१ धरायला हरकत नाही. झिरोची गोष्ट वेगळी आहे. तिन्ही तारांत एकाच दिशेने वाहणारा करंट एकमेकांना छेद देत नाही. त्याला परतायला जमीन आणि न्यूट्रल लागतात. ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलमधून तो वर चढतो. त्याला उत्तर देणारा डेल्टामधला करंट वाइंडिंगमध्येच गोल फिरतो, ३३ केव्हीच्या तारांवर येत नाही. म्हणून झिरो नेटवर्कमध्ये ग्रीडचे ०.४८ नाहीतच, फक्त १.७३.

फेजचे व्होल्टेज ६३५१. बसजवळ तिन्ही फेज शॉर्ट झाले तर ६३५१ भागिले २.२१, साधारण २८७० अँपिअर. एकच फेज जमिनीला लागला तर १९०५३ भागिले ६.१५, साधारण ३१०० अँपिअर. एका तारेचा फॉल्ट तीन तारांच्या फॉल्टपेक्षा भारी. डेल्टाने झिरो सिक्वेन्सला जवळचा रस्ता दिला, त्याचा हा परिणाम. केवळ तीन फेजच्या फॉल्टवरून ब्रेकरची क्षमता ठरवणारा इथे फसेल. हेच ३१०० अँपिअर पलीकडे ३३ केव्हीच्या दोन तारांत सुमारे ६०० अँपिअर होऊन दिसतात, तिसरीत काहीच नाही. एकीतून जाणे आणि दुसरीतून येणे सारखेच, म्हणून ३३ केव्हीचा अर्थ फॉल्ट रिले गप्प राहतो. तो बिघडलेला नसतो. त्याला दिसण्यासारखे तिथे काही नसते.

आता फीडरवर दहा किलोमीटर पुढे जाऊ. लाईनचा पॉझिटिव्ह रिअ‍ॅक्टन्स किलोमीटरला ०.३५ ओहम धरला, तर जमिनीतून परतणाऱ्या झिरोसाठी तो साधारण चौपट, १.४ ओहम धरता येतो. पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह प्रत्येकी ५.७१ ओहम होतात, झिरो १५.७३. तीन फेजचा फॉल्ट सुमारे १११० अँपिअर, एका फेजचा सुमारे ७००. बसवर जो भारी होता तो इथे हलका झाला. तरीही ७०० अँपिअर रिले आरामात पकडतो.

पण हे तार लोखंडी खांबाला किंवा चांगल्या अर्थिंगला लागली तर. मुरमाड, कोरड्या जमिनीवर पडलेल्या तारेला तिथला संपर्काचाच रेझिस्टन्स असतो. तो १०० ओहम धरू. सूत्रात तो तिप्पट होऊन बसतो, कारण त्यातून तिन्ही संचांचे करंट मिळून जातात, नेटवर्कमध्ये मात्र एकाचाच हिशेब असतो. छेदस्थानी ३०० ओहम आले की बाकीचे २७ ओहम नावापुरते उरतात. करंट सुमारे ६३ अँपिअर. २०० ओहम असतील तर ३२. या ट्रान्सफॉर्मरचा पूर्ण लोडच २६२ अँपिअर आहे, तेव्हा ओव्हरकरंट रिलेला ही भर जाणवतच नाही. तिकडे एखादी मोठी मोटर सुरू झाली असेल, एवढेच.

अर्थ फॉल्टचा वेगळा रिले इथेच कामी येतो. तिन्ही सीटींचे करंट बेरीज करून तो उरलेला करंट पाहतो, म्हणजे झिरो सिक्वेन्सच्या तिप्पट. गावातल्या डीपीचे ११ केव्हीकडचे वाइंडिंग डेल्टा असते, त्यामुळे लोड कितीही असमान असला तरी तो झिरो सिक्वेन्स करंट ओढू शकत नाही. ३०० अँपिअरच्या सीटीवर अर्थ फॉल्टचे सेटिंग २० टक्के, म्हणजे ६० अँपिअर ठेवता येते ते याच बळावर. मात्र ६० च्या सेटिंगला ६३ अँपिअर म्हणजे अगदी काठावर. जुन्या फिरत्या चकतीचा रिले एवढ्यावर हलेलच याची खात्री नाही, आणि ३२ अँपिअरवर कोणताच हलणार नाही. मग सेटिंग आणखी खाली का आणत नाहीत? तिन्ही सीटी तंतोतंत सारख्या नसतात. फीडर चार्ज करताना सगळ्या डीपींचा इनरश करंट त्यांच्यात थोडा खोटा फरक उत्पन्न करतो आणि फीडर विनाकारण ट्रिप होतो. असे वारंवार झाले की कुणीतरी सेटिंग वर नेतो, आणि तुटलेली तार पुन्हा नजरेआड जाते.

याहून अवघड प्रकार एक आहे. तार तुटते, सबस्टेशनकडचे टोक खांबावरच लोंबत राहते आणि गावाकडचे टोक जमिनीला टेकते. ते टोकही जिवंत असते, कारण पुढच्या डीपीच्या डेल्टातून उलटे व्होल्टेज येते. पण सबस्टेशनमधून जमिनीत जाणारा करंट जवळजवळ नसतो. वरचे सूत्र इथे लागूच पडत नाही. हा फॉल्ट जमिनीचा कमी आणि तुटलेल्या फेजचा जास्त. त्याची खूण निगेटिव्ह सिक्वेन्समध्ये सापडते. पहिल्याच खांबावर एक फेज तुटला तर निगेटिव्ह करंट पॉझिटिव्हइतकाच होतो, आणि नवे न्यूमेरिकल रिले या दोघांचे गुणोत्तर पाहून तार तुटल्याची सूचना देतात. मात्र तार फीडरच्या शेपटाला तुटली आणि पुढे दोनचार डीपीच असतील, तर हे गुणोत्तर रोजच्या असमान लोडच्या गुणोत्तराइतकेच भरते. रिलेला तेव्हा दोन्हींत फरक करता येत नाही, आणि बिघाडाची पहिली खबर गावातून येणाऱ्या फोनवरूनच कळते.