साडेसहा गुणांची गंभीर त्रुटी

समजा, एका पॅथॉलॉजी लॅबच्या वेबसाइटवर रुग्ण लॉगिन करून आपला रक्ततपासणीचा अहवाल उघडतो. पत्त्याच्या पट्टीत शेवटी `report?id=1041` दिसते. तपासनीस तिथे 1042 टाकतो आणि दुसऱ्याच कोणाचा अहवाल समोर येतो.

सुरक्षा तपासणीच्या अहवालात अशा त्रुटीला बहुधा सीव्हीएसएस पद्धतीने शून्य ते दहा गुण देतात. इथे हल्ला इंटरनेटवरून होतो, सोपा आहे, साधे खाते पुरते; माहिती फुटते, पण बदलता येत नाही. आवृत्ती 3.1 नुसार गुण येतात 6.5, म्हणजे 'मध्यम'. आकडा बरोबर असला तरी क्रम ठरवायला तो पुरत नाही. एक छोटा प्रोग्राम ओळीने सगळे क्रमांक मागवू शकतो आणि प्रत्येक रुग्णाचे आजारपण बाहेर जाते. म्हणून जाणकार तपासनीस 6.5 तसेच ठेवतो आणि कारण लिहून ही त्रुटी यादीत वर आणतो.

उपायही नेमका हवा. क्रमांकाऐवजी लांबलचक सांकेतिक अक्षरे वापरली, तर अंदाज बांधणे अवघड होते, पण दुवा फुटला की दार उघडेच. मालकी सर्व्हरनेच तपासायला हवी:

```
WHERE id = ? AND patient_id = ?
```

इथला `patient_id` लॉगिनच्या सत्रातून घ्यावा, ब्राउझरने पाठवलेला नव्हे. दुरुस्तीनंतर दुसऱ्या खात्यातून तीच मागणी पुन्हा पाठवावी. 403 किंवा 404 आले आणि अहवाल आला नाही, तरच ती नोंद बंद करावी.