तीन कोटींची फोड

एअरबीएनबी ही कंपनी ‘एअरबेड अँड ब्रेकफास्ट’ या नावाने भांडवल शोधत होती, तेव्हाचं तिचं सादरीकरण आज कुणालाही पाहता येतं. त्यात मागणी होती ५ लाख डॉलरची आणि शेजारी वचन होतं, १२ महिन्यांत ८० हजार बुकिंगचं. पैसा नेमका कशावर जाणार, याची फोड मात्र त्या पानावर नव्हती. गुंतवणूकदाराचा पुढचा प्रश्न हमखास याच फोडीचा असतो, आणि नवे उद्योजक अडखळतात तेही इथेच.

समजा, दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर बनवणारी एक छोटी कंपनी आहे. फॅट मोजणाऱ्या यंत्रावरचा आकडा थेट शेतकऱ्याच्या खात्यात नोंदवणं, हे तिचं काम. १८ महिन्यांसाठी तिला ३ कोटी हवेत. स्लाइडवर गोल तक्ता आहे: भरती ५० टक्के, उत्पादन ३०, विक्री २०.

दिसायला नीटनेटका, पण नव्या प्रोग्रामरचा पगार भरतीत धरायचा की उत्पादनात? तक्त्यावरून कळत नाही, आणि एकच खर्च दोनदा मोजला जाण्याची भीती असते ती यामुळेच.

म्हणून आधी माणसं मोजावीत. चार प्रोग्रामर, दरमहा प्रत्येकी १ लाख. माणसं मिळायला वेळ लागतो, तेव्हा चौथ्या महिन्यापासून १५ महिन्यांचे ६० लाख. विक्रीसाठी सहा जण, प्रत्येकी ५० हजार, सातव्या महिन्यापासून. त्यांचे ३६ लाख. बेरीज ९६ लाख. मग भरतीच्या दीड कोटीतले उरलेले ५४ लाख कशाचे? हिशेब उलगडला की दिसतं, ३६ लाख आजचीच तूट भरून काढायला लागणार आहेत, महिन्याला २ लाखांप्रमाणे. तक्त्यात हा खर्च सहज विसरला जातो. राहिलेले १८ लाख हाताशी ठेवायचे.

आता पगार ज्या त्या कामाखाली घालावेत. उत्पादनात यंत्राला जोडायची उपकरणं आणि सर्व्हर यांचे ९० लाख अधिक पगाराचे ६०, म्हणजे दीड कोटी. विक्रीत प्रवास, प्रात्यक्षिकं आणि प्रशिक्षणाचे ६० लाख अधिक पगाराचे ३६, म्हणजे ९६ लाख. उरले ५४. एकूण ३ कोटीच, पण वाटा झाला ५०, ३२ आणि १८ टक्के. भरती हा वेगळा तुकडा राहिलाच नाही.

असं मांडलं की वेळेची अडचणही उघडी पडते. पुढचं भांडवल उभं करायला सहा महिने लागतील असं धरलं, तर बाराव्या महिन्यातच दाखवण्याजोगी विक्री हवी. विक्रीची माणसं सातव्या महिन्यात येणार, म्हणजे हाती फक्त सहा महिने. अशा वेळी सहापैकी दोघांना चौथ्याच महिन्यात घ्यावं. त्याचे ३ लाख जादा लागतील आणि राखीव रक्कम १५ लाखांवर येईल.