जमिनीच्या बदल्यात फ्लॅट : कर केव्हा आणि किती?

वडिलांनी 1988 मध्ये घेतलेली जागा. तेव्हा ती नाशिकच्या वेशीबाहेर होती, आता महापालिका हद्दीत आली आहे. वडिलांमागे सातबाऱ्यावर दोन भावांची नावे लागली, निम्मा-निम्मा हिस्सा. जागा मोकळीच होती. जानेवारी 2025 मध्ये दोघांनी एका बिल्डरशी विकसन करारनामा केला आणि दुय्यम निबंधक कार्यालयात तो नोंदवला. जमीन भावांची, बांधकामाचा सगळा खर्च बिल्डरचा. तयार इमारतीतले आठ फ्लॅट भावांचे, उरलेले बिल्डरने विकायचे. शिवाय प्रत्येक भावाला 20 लाख रुपये रोख.

हे उदाहरण काल्पनिक आहे, पण पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर या शहरांच्या कडेने फिरले तर असे करार जागोजागी भेटतात. त्या घरांत समज बहुधा एकच असते : जमीन विकली कुठे? फ्लॅट तर आपल्याच जागेवरचे, मग कर कसला?

प्राप्तिकर कायदा या व्यवहाराकडे वेगळ्या नजरेने पाहतो. मालक जमिनीतला काही हक्क बिल्डरला देतो आणि त्याच्या मोबदल्यात फ्लॅट घेतो. मोबदला पैशात नसून वस्तूत मिळाला, एवढाच फरक. हस्तांतर झाले म्हणजे भांडवली नफा आला आणि त्यावर कर आला. प्रश्न दोनच उरतात : कर कोणत्या वर्षी आणि कोणत्या रकमेवर?

एके काळी या प्रश्नांनी जमीनमालकांना फार छळले. विकसन करार करून बिल्डरला जागेचा ताबा आणि अधिकार दिले की हस्तांतर त्याच वर्षी झाले असे मानावे, असा मुंबई उच्च न्यायालयाचा 2003 सालचा निकाल होता. त्याचा आधार घेऊन करखाते कराराच्या वर्षीच कर मागे. तोवर पाया खणलेला नसे, नकाशे मंजूर नसत, मिळणाऱ्या फ्लॅटची किंमत सांगता येत नसे. तरीही कर मात्र रोखीने भरायचा. बिल्डर मधेच थांबला तर मालकाकडे फ्लॅटही नाही आणि भरलेला करही अडकलेला.

2017 च्या वित्त कायद्याने यावर उपाय केला. प्राप्तिकर कायद्याच्या कलम 45 मध्ये पोटकलम 5ए घातले गेले. व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब यांनी नोंदणीकृत करारनामा करून जागा विकसनाला दिली आणि मोबदल्यात प्रकल्पातला हिस्सा घेतला, तर भांडवली नफ्याचा कर कराराच्या वर्षी लागत नाही. सक्षम प्राधिकरणाने प्रकल्पाला पूर्णत्वाचा दाखला दिला, त्या वर्षी लागतो. मोबदला म्हणून त्या तारखेचे मालकाच्या फ्लॅटांचे मुद्रांक मूल्य, म्हणजे रेडी रेकनरप्रमाणे येणारी किंमत धरतात आणि त्यात रोख मिळालेली रक्कम मिळवतात. चेकने किंवा बँकेतून आलेली रक्कमही त्यात येते, हे 2023 च्या दुरुस्तीने स्पष्ट केले.

ही सवलत भागीदारी संस्थेला किंवा कंपनीला नाही. करार नोंदवलेला नसेल, नुसत्या नोटरीवर भागवले असेल, तर या कलमाचे संरक्षण मिळत नाही आणि कर नेमका कोणत्या वर्षी हा जुना वाद पुन्हा उभा राहतो. नोंदणीचा खर्च वाचवण्याच्या नादात हे संरक्षण गमावू नये.

आता थोरल्या भावाचा हिशेब पाहू. 10 फेब्रुवारी 2028 रोजी पूर्णत्वाचा दाखला आला असे समजू. रेडी रेकनरप्रमाणे एका फ्लॅटची किंमत 45 लाख. चार फ्लॅटांचे 1 कोटी 80 लाख, वर रोखीचे 20 लाख. मोबदला झाला 2 कोटी. जागा 2001 च्या आधीची असल्यामुळे खरेदीची किंमत म्हणून 1 एप्रिल 2001 चे बाजारमूल्य घेता येते. ते त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्यापेक्षा जास्त धरता येत नाही आणि त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा अहवाल हाताशी असावा. थोरल्याच्या हिश्शाचे हे मूल्य 10 लाख निघाले. म्हणजे नफा 1 कोटी 90 लाख.

दीर्घ मुदतीच्या नफ्यावर आज साडेबारा टक्के दर आहे. दर तोच राहिला असे धरले तर कर 23 लाख 75 हजार होतो. उत्पन्न एक कोटीवर गेल्यामुळे 15 टक्के अधिभार आणि त्यावर 4 टक्के उपकर लागून आकडा सुमारे 28 लाख 40 हजारांवर पोचतो. 23 जुलै 2024 पूर्वी घेतलेल्या जागेसाठी निवासी व्यक्तीला दुसरी वाटही आहे : महागाई निर्देशांकाने खरेदीची किंमत वाढवून घ्यायची आणि 20 टक्क्यांनी कर मोजायचा. कराराच्या वर्षाचा निर्देशांक 363 धरला तर 10 लाखांचे 36 लाख 30 हजार होतात. तरीही मूळ कर 32 लाख 74 हजार येतो. इथे पहिलीच वाट स्वस्त.

खरी अडचण आकड्यापेक्षा तारखेची आहे. थोरल्याला रोख मिळाली ती जानेवारी 2025 मध्ये. त्यातून बिल्डरने 10 टक्क्यांप्रमाणे 2 लाख टीडीएस कापला आणि हाती 18 लाख आले. मुलीचे लग्न, जुने कर्ज यांत ते संपले. तीन वर्षांनी दाखला आला तेव्हा हातात चार फ्लॅट आहेत, पैसा नाही, आणि आगाऊ कराचा शेवटचा हप्ता 15 मार्चला आहे. फ्लॅट विकायला काढला तरी महिन्याभरात गिऱ्हाईक मिळेलच असे नाही. कर मागे राहिला की व्याज सुरू होते.

त्या 2 लाखांच्या टीडीएसची वेगळी गंमत आहे. तो कापला गेला 2024-25 मध्ये, पण ज्या उत्पन्नावर कापला ते करपात्र होणार 2027-28 मध्ये. म्हणून त्याची वजावट त्याच वर्षी मागून चालत नाही. विवरणपत्रात ती रक्कम पुढे ओढत न्यावी लागते. हे राहून गेले तर तीन वर्षांनी हक्काच्या 2 लाखांसाठी पत्रव्यवहार करत बसावे लागते.

दाखल्याबाबत आणखी एक बारकावा आहे आणि तो महागात पडू शकतो. कायद्यात संपूर्ण प्रकल्पाचा किंवा त्याच्या एखाद्या भागाचा दाखला, असे शब्द आहेत. समजा बिल्डरने तीन विंग उभारायला घेतल्या, आधी ए विंग पूर्ण केली आणि तिचा दाखला घेतला. भावांचे फ्लॅट मात्र सी विंगमध्ये, जिथे अजून स्लॅबच पडतो आहे. कलमाचे शब्द जसेच्या तसे वाचले तर ए विंगच्या दाखल्यानेच भावांच्या सगळ्या हिश्शावरचा कर त्या वर्षी लागू होतो. हे न्याय्य वाटत नाही, कारण अपुऱ्या फ्लॅटांवरच्या कराचा जो जाच संपवायला कलम आणले तोच इथे मागच्या दाराने येतो. पण धोका खरा आहे. म्हणून आपले फ्लॅट कोणत्या विंगमध्ये आणि कोणत्या टप्प्यात आहेत, हे करार करतानाच पाहायला हवे. लोकांच्या तोंडी ‘ओसी’ हा शब्द असतो, कायदा मात्र पूर्णत्वाच्या दाखल्याबद्दल बोलतो. दोन्ही कागदांच्या तारखा वेगळ्या असू शकतात, तेव्हा दोन्हींच्या प्रती जपून ठेवाव्यात.

धाकट्याची कथा वेगळ्या वळणाने जाते. त्याला 2026 मध्येच पैशांची गरज पडली आणि आपल्या वाट्याचा एक फ्लॅट त्याने बांधकाम चालू असतानाच विकून टाकला. दाखल्यापूर्वी मालकाने प्रकल्पातला आपला हिस्सा विकला, तर 5ए ची सवलत लागू होत नाही. कर दाखल्याची वाट न पाहता विक्रीच्याच वर्षी लागतो आणि मोबदला ठरवताना कायद्याचे नेहमीचे नियम लागतात. चारपैकी एकच विकला तर सवलत त्या एका फ्लॅटपुरती जाते की चारही फ्लॅटांची, हे कलमाने स्पष्ट सांगितलेले नाही. विकलेल्या फ्लॅटपुरतीच ती जावी हा अर्थ तर्काला धरून आहे, पण त्यावर विसंबून घाईने विक्री करण्याआधी सनदी लेखापालाचा लेखी सल्ला घ्यावा. दाखल्याला सहा-आठ महिनेच उरले असतील तर थांबणे बहुधा शहाणपणाचे.

दाखल्यानंतर फ्लॅट विकला तर चित्र सोपे होते. ज्या 45 लाखांवर कर भरला, तीच त्या फ्लॅटची खरेदी किंमत ठरते. 55 लाखांना विकला तर नवा नफा 10 लाखांचाच. त्याच रकमेवर दोनदा कर लागत नाही.

घर मिळाले म्हणून करातून सूट मिळेल का, हा प्रश्न हमखास निघतो. मोकळ्या जमिनीसाठी कलम 54एफ आहे. त्यात मोबदल्याचा जेवढा भाग एका घरात गुंतला, तेवढ्या प्रमाणात नफा माफ होतो. थोरल्याच्या बाबतीत 2 कोटींपैकी 45 लाख एका फ्लॅटचे धरले, तर 42 लाख 75 हजारांचा नफा सुटू शकतो. एका घराची ही अट 2014 च्या दुरुस्तीने घट्ट झाली. त्याआधी, 2010 मध्ये, विकसनातून मिळालेले चार फ्लॅट मिळून एकच घर, असे कर्नाटक उच्च न्यायालयाने मानले होते. तो आधार आता उरलेला नाही. शिवाय घर बांधण्याची तीन वर्षांची मुदत हस्तांतराच्या तारखेपासून मोजली जाते. जानेवारी 2025 मध्ये ताबा दिला आणि फेब्रुवारी 2028 मध्ये फ्लॅट तयार झाला, तर तीन वर्षे उलटून गेलेली असतात आणि सूट वादात सापडते. उरलेले तीन फ्लॅटही आड येऊ शकतात, कारण नव्या घराखेरीज आणखी घरे करण्यावर या कलमात बंधन आहे. जागेवर जुना वाडा किंवा बंगला असेल तर कलम 54 पाहावे लागते. त्यात हे बंधन नाही आणि नफा 2 कोटींच्या आत असेल तर आयुष्यात एकदा दोन घरांवर सूट घेता येते.

हे सगळे सही करण्याआधी लक्षात आले तर करारातच बरेच साधता येते. रोख रकमेचा मोठा हप्ता पूर्णत्वाच्या दाखल्याच्या वेळी मागावा, म्हणजे कर भरायच्या वेळी पैसा हाती असतो. दाखला, मग तो भागाचा असो वा पूर्ण प्रकल्पाचा, मिळाल्यापासून सात दिवसांत प्रत मालकाला देण्याची अट घालावी. अनेक मालकांना ती तारीख करखात्याच्या नोटिशीतूनच कळते. आपल्या वाट्याचे फ्लॅट विंग, मजला, क्रमांक आणि चटई क्षेत्र यांसह करारात लिहून घ्यावेत, कारण पुढे मुद्रांक मूल्य त्यावरूनच काढले जाते. 1 एप्रिल 2026 पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू झाला आहे. त्यात कलमांचे क्रमांक बदलले, पण या व्यवहाराच्या कराचा गाभा तसाच ठेवला आहे.