बट उजळण्याआधी चेहऱ्याचे माप घ्या

गेल्या लग्नसराईत रिद्धपूरची माझी भाची शहरात जाऊन केसांना हायलाइट्स करून आली. घरी आल्यावर तिने हौसेने वेणी घातली. आजीने निरखून पाहिले आणि म्हणाली, "काय वं माय, डोक्शावर संत्रं पिकवलं काय?" सगळे हसले, पण पोरीच्या डोळ्यांत पाणी आले. साठवलेले पैसे गेले होते आणि आठ दिवसांवर लग्न होते.

रंग नारिंगी झाला हा एक दोष. दुसरा दोष कोणाच्या लवकर लक्षात आला नाही. तिचा चेहरा गोल आहे आणि उजळलेल्या जाड बटा अगदी कपाळाच्या कडेपासून, दोन्ही गालांना चिकटून खाली सोडल्या होत्या. त्यामुळे मूळचे गाल होते त्याहून रुंद दिसू लागले. रंग चांगला उतरला असता तरीही हे झालेच असते. म्हणून, भगिनींनो, पार्लरच्या खुर्चीत बसण्याआधी "कोणता रंग?" यापेक्षा "कुठून सुरू करणार?" हे विचारले पाहिजे.

यामागचे तत्त्व साधे आहे. उजळ भाग पुढे येतो व रुंद भासतो, काळा भाग मागे सरतो. काळ्या केसांच्या चौकटीत चेहरा बसलेला असतो. चौकटीचा जो भाग आपण उजळतो, तिकडे चेहरा पसरल्यासारखा दिसतो.

चेहरा कसा ओळखावा

केस घट्ट मागे बांधा. आरशासमोर सरळ उभे राहा, एक डोळा मिटा आणि साबणाच्या वडीने आरशातल्या चेहऱ्याची कड आखा. डोके मात्र हलवू नका. मग बाजूला होऊन त्या आकृतीची लांबी आणि रुंदी दोऱ्याने मोजा. गालाजवळ सर्वांत जास्त रुंदी, लांबी तिच्याहून थोडीच अधिक आणि हनुवटी वाटोळी असेल तर चेहरा गोल. लांबी रुंदीच्या दीडपटीच्या वर गेली तर लांबट. कपाळ, गाल आणि जबडा जवळजवळ सारखेच रुंद, आणि कानाखाली जबड्याचा कोपरा ठसठशीत असेल तर चौकोनी.

किती अंतर सोडावे

अंतरे दोन असतात. एक, चेहऱ्याच्या कडेपासून मागे किती जायचे. दुसरे, मुळापासून खाली किती उतरायचे. पहिले अंतर बोटांनी मोजता येते.

गोल चेहऱ्याला कानशिलापासून गालापर्यंत दोन बोटे रुंदीचे केस काळेच ठेवावेत. ही काळी पट्टी दोन्ही बाजूंनी गाल आत घेते. पहिली बट तिच्या मागून घ्यावी आणि तिचा उजळपणा हनुवटीच्या खाली दिसू द्यावा. माथ्यावर भांगाच्या आजूबाजूला दोन-चार बारीक बटा मुळाजवळून उजळल्या तर उंची वाढल्याचा भास होतो.

लांबट चेहऱ्याचे याच्या उलट. माथा काळाच राहू द्यावा, कारण तिथे उजेड आला की चेहरा आणखी लांबतो. पहिली बट कडेपासून अर्ध्या बोटावर घ्यावी. उजळपणा डोळ्यांच्या रेषेत सुरू करून कानाच्या पाळीपर्यंत, म्हणजे गालाच्या उंचीवर, जास्त ठेवावा. लांब सरळ केसांची फक्त टोके उजळणे लांबट चेहऱ्याला शोभत नाही. नजर खाली ओढली जाते.

चौकोनी चेहऱ्यात जबड्याचा कोपरा मऊ करायचा असतो. कडेपासून एक बोट सोडून, कानशिलाजवळ अगदी बारीक बटा घ्याव्यात. त्या गालाच्या हाडाजवळ उजळ असाव्यात, जबड्यापाशी मात्र काळ्या केसांत मिसळून जाव्यात. जाड, सरळ पट्टा बरोबर जबड्यावर संपला तर कोपरा रेघ मारल्यासारखा उठून दिसतो.

आता एक गोष्ट आपल्या घरातली. बहुतेक जणींचे केस रोज वेणीत किंवा अंबाड्यात असतात. वेणी घातली की खालचा उजळपणा मागे जातो आणि कडेचे केसच समोर राहतात. म्हणून बटा निवडताना एकदा केस मोकळे सोडून आणि एकदा नेहमीसारखे बांधून बघावे. भाचीच्या बाबतीत हेच राहिले. मोकळ्या केसांत जे खपले असते, ते वेणीत कानांजवळ दोन नारिंगी पट्टे होऊन बसले.

मुळापासूनचे अंतर खर्चाशी निगडित आहे. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. अगदी मुळापासून उजळले तर दोन महिन्यांत काळी रेघ दिसते आणि पुन्हा पार्लर गाठावे लागते. चार बोटे खाली सुरू करून वरच्या बाजूला रंग विरळ केला, तर वाढ डोळ्यांत भरत नाही आणि बरेच महिने निभावते.

नारिंगी का झाले

काळा केस उजळताना आधी लाल, मग नारिंगी, मग पिवळा होतो. मध्येच थांबलो तर नारिंगीच उरणार. त्यात भाची दर महिन्याला मेहंदी लावायची. मेहंदीचा लालसर रंग ब्लीचने सहजासहजी निघत नाही. बाजारातल्या काळ्या मेहंदीच्या काही पुड्यांत धातूचे क्षार असतात. त्यावर ब्लीच लागले तर केस तापतात, तुटतातही. म्हणून मेहंदी लावत असाल तर आधी सांगा आणि मानेजवळची एक बारीक बट आधी उजळून बघायला लावा.

आपल्या काळ्या केसांसाठी सहा टक्क्यांचे डेव्हलपर पुरे असते. तपकिरी किंवा तांबूस छटेवर समाधान मानावे. मिश्रण दह्यासारखे घट्ट हवे. पातळ झाले तर फॉइलमधून गळून मुळाशी डाग पडतो. डोक्याच्या कातडीपासून एक सेंटिमीटर सोडूनच लावावे, कारण अंगाच्या उष्णतेने मुळाजवळचे केस लवकर उजळतात. कपाळाच्या कडेचे केस बारीक असतात, तेही लवकर उजळतात. त्यामुळे मागून सुरुवात करून पुढचे फॉइल शेवटी घालावे. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात तर दर पाच मिनिटांनी फॉइल उघडून पाहावे. ओला केस ओढल्यावर रबरासारखा लांबला आणि परत आला नाही, तर तो जळू लागला आहे. लगेच धुऊन टाकावे.

भाचीचे पुढे काय झाले? गावाजवळच्या एका पार्लरवाल्या ताईंनी पुन्हा ब्लीच लावायला साफ नकार दिला. त्यांनी कानामागे थोडा रंग लावून अठ्ठेचाळीस तास खाज किंवा पुरळ येते का ते पाहिले. मग कडेपासून दोन बोटांपर्यंतच्या पट्ट्यांवर, मुळापासून हनुवटीपर्यंत, गडद तपकिरी रंग चढवला. तोही तिच्या मूळ केसांपेक्षा एक छटा फिका घेतला, कारण उजळलेला केस रंग जास्त पितो आणि ठरवल्यापेक्षा काळा होतो. हनुवटीच्या खालचा तांबूस भाग तसाच ठेवला. लग्नात पांढऱ्या साडीवर तिने केस अर्धे मोकळे सोडले. गाल आत गेले होते आणि तांबूस बटा खांद्यावर आल्या होत्या.

तो चढवलेला रंग धुण्याने हळूहळू उतरतो, तेव्हा दोन महिन्यांत खालचा नारिंगी पुन्हा डोकावला. एकदा परत रंग लावावा लागला. आजीचे म्हणणे एवढेच होते की, दोन बोटे आधीच सोडली असती तर दोनदा पैसे गेले नसते.