सुपूर्द केलेलं विमान

मुंबईहून दिल्लीला निघालेलं विमान एकाच माणसाच्या नजरेखाली राहत नाही. आकाश सेक्टरांमध्ये वाटलेलं असतं आणि प्रत्येक सेक्टरला स्वतःचा नियंत्रक व स्वतःची रेडिओ फ्रीक्वेन्सी असते. सीमा जवळ आली की पहिला नियंत्रक पुढच्याला विमानाची उंची आणि मार्ग कळवतो. ‘घेतलं’ असा होकार आल्यावरच तो वैमानिकाला नवी फ्रीक्वेन्सी सांगतो. वैमानिक तो आकडा मोठ्याने परत म्हणतो आणि नव्या नियंत्रकाला स्वतःची उंची कळवतो. तान्हं बाळ एका हातातून दुसऱ्या हातात देताना दुसऱ्याची पकड बसेपर्यंत आपण सोडत नाही, तसंच हे.

२९ सप्टेंबर २००६ रोजी ब्राझीलमध्ये ही पकड सुटली. लेगसी नावाचं छोटं जेट साओ जोसे दोस कांपोसहून मनौसकडे ३७,००० फुटांवरून निघालं होतं. लेखी आराखड्यानुसार ब्राझीलियानंतर त्याने ३६,००० फुटांवर यायचं होतं, पण तशी सूचना वैमानिकांना कुणी दिलीच नाही. ब्राझीलियाच्या अलीकडेच, दुपारी ३ वाजून ५१ मिनिटांनी, ते पुढच्या नियंत्रकाच्या फ्रीक्वेन्सीवर आलं. वैमानिकांनी उंची कळवली, उत्तरही मिळालं. दोन्ही बाजूंचं नीट झालेलं ते शेवटचं बोलणं.

ब्राझीलिया ओलांडताच पडद्यावर विमानाच्या चिन्हाशेजारी `370=360` दिसू लागलं. डावीकडे खरी उंची, उजवीकडे आराखड्यातली, तीही संगणकाने आपोआप बदललेली. हा विसंगत आकडा सुमारे सात मिनिटं समोर होता. मग ४ वाजून २ मिनिटांनी विमानाचा ट्रान्सपॉन्डर बंद पडला आणि खरी उंची कळण्याचा भरवशाचा मार्गच संपला. पाळी बदलताना नव्या नियंत्रकाला ‘३६० वर आहे’ असंच सांगण्यात आलं. मला या साखळीतली सर्वांत घातक कडी हीच वाटते: आराखड्यातला आकडा माणसाच्या तोंडून खरा होऊन पुढे गेला.

तोवर विमान वायव्येला जाऊन जुन्या फ्रीक्वेन्सीच्या पल्ल्याबाहेर निघालं होतं. ४:२६ पासून नियंत्रकाने हाका मारल्या. ४:४८ पासून वैमानिकांनी एकामागून एक फ्रीक्वेन्सी धुंडाळली. ४:५३ ला नियंत्रकाने उत्तराची वाट न पाहता पुढच्या केंद्राच्या फ्रीक्वेन्सी सांगितल्या. वैमानिकांना त्या अर्धवट ऐकू आल्या. ‘दशांशानंतरचे आकडे पुन्हा सांगा,’ अशी त्यांची विनंती पोहोचलीच नाही. त्याच वेळी ब्राझीलियाने मनौसच्या केंद्राला फोनवरून हे विमान ३६,००० फुटांवर असल्याचं सांगून सुपूर्द केलं.

त्याच मार्गावर मनौसहून ब्राझीलियाकडे गोल कंपनीचं बोइंग ७३७ येत होतं, ३७,००० फुटांवर. ४:५६ ला लेगसीच्या पंखाच्या टोकाने त्याचा डावा पंख कापला. बोइंगमधले सर्व १५४ जण गेले. लेगसी काशिंबूच्या लष्करी धावपट्टीवर कसंबसं उतरलं आणि त्यातले सातही जण वाचले.