वर्षप्रवेश: वाढदिवसाची कुंडली कशी मांडतात

जन्माच्या वेळी सूर्य राशिचक्रात ज्या अंश-कलेवर असतो, त्याच जागी तो दरवर्षी एकदा परत येतो. या क्षणाला वर्षप्रवेश म्हणतात. त्या क्षणी आकाश कसे होते हे मांडले की तयार होते ती वर्षकुंडली, आणि तिच्यावरून पुढच्या बारा महिन्यांचे जे वर्णन करतात ते वर्षफल. वर्षप्रवेश बहुधा वाढदिवसाच्या दिवशी किंवा त्याच्या आगेमागे एखाद्या दिवशी होतो, पण घड्याळातली वेळ दरवर्षी पुढे सरकते. जन्म सकाळचा असला तरी एखाद्या वर्षाचा प्रवेश मध्यरात्री होऊ शकतो.

ही पद्धत भारतीय ज्योतिषात ताजिक या नावाने ओळखली जाते. ताजिक म्हणजे अरबी-फारसी मंडळींकडून आलेले. नवव्या शतकात बगदादच्या अबू माशरने वर्षकुंडल्यांवर मोठा ग्रंथ लिहिला होता. ही विद्या पुढे गुजरातमार्गे संस्कृतात उतरली, तरी तिचे शब्द मूळचेच राहिले. ‘इत्थशाल’, ‘ईशराफ’, ‘कंबूल’, ‘सहम’, ‘मुंथा’ हे शब्द संस्कृत श्लोकांत बसवलेले अरबी शब्द आहेत. या विषयावर सर्वांत जास्त वापरला जाणारा ग्रंथ म्हणजे १५८७ साली लिहिलेला ‘ताजिक नीलकंठी’. त्याचे कर्ते नीलकंठ दैवज्ञ काशीचे, पण त्यांचे घराणे मूळचे विदर्भातले. ‘मुहूर्तचिंतामणि’ लिहिणारे राम दैवज्ञ हे त्यांचे धाकटे भाऊ.

पद्धत समजून घ्यायला एक कल्पित उदाहरण पुरेल. सोमवार, १४ जानेवारी १९८५ रोजी पुण्यात सकाळी ११ वाजून १८ मिनिटांनी एका मुलीचा जन्म झाला. त्या दिवशी सूर्योदय ७ वाजून १० मिनिटांच्या सुमारास झाला, म्हणजे जन्म सूर्योदयानंतर १० घटी २० पळांनी. (एक घटी २४ मिनिटांची, एक पळ २४ सेकंदांचे.) जन्मलग्न मीन. जानेवारी २०२५ मध्ये तिला चाळीस वर्षे पूर्ण झाली आणि एकेचाळिसावे लागले. या वर्षाची कुंडली मांडायची आहे.

जुन्या पोथ्यांची रीत सोपी आहे. सूर्यसिद्धांताप्रमाणे वर्ष ३६५ दिवस, १५ घटी, ३१ पळे आणि ३० विपळांचे. त्यातले ३६४ दिवस म्हणजे नेमके बावन्न आठवडे, ते सोडून द्यायचे. उरतात १ दिवस १५ घटी ३१ पळे ३० विपळे. दर वर्षाला एवढी भर घातली की वर्षप्रवेशाचा वार आणि वेळ मिळते. चाळीस वर्षांची भर होते ५० दिवस २१ घटी. त्यातून सात आठवडे वजा केले की १ दिवस २१ घटी राहतात. सोमवारच्या १० घटी २० पळांत ही भर मिळवली की मंगळवार, सूर्योदयापासून ३१ घटी २० पळे. घड्याळात ही वेळ संध्याकाळी ७ वाजून ४२ मिनिटे. १४ जानेवारी २०२५ हा मंगळवारच होता, म्हणजे वार बरोबर आला.

वेळ मात्र बरोबर आली नाही, आणि वर्षफलाच्या गणितात सर्वांत जास्त घोटाळा इथेच होतो. आजच्या मोजणीप्रमाणे ताऱ्यांच्या संदर्भातले वर्ष ३६५ दिवस ६ तास ९ मिनिटे १० सेकंदांचे आहे. सूर्यसिद्धांताचे वर्ष त्याहून सुमारे साडेतीन मिनिटांनी मोठे. एका वर्षात ही चूक क्षुल्लक वाटते, पण चाळीस वर्षांत ती २ तास १७ मिनिटांवर जाते. नव्या मोजणीने वर्षप्रवेश त्याच दिवशी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास येतो. लग्नराशी साधारण दोन तासांनी बदलते. त्यामुळे साडेपाचला पुण्यात मिथुन लग्न असते आणि पावणेआठला कर्क. एकाच बाईच्या एकाच वर्षाच्या दोन कुंडल्या अशा तयार होतात. चाळिशी-पन्नाशीनंतर दोन ज्योतिषांची वर्षफले जुळत नसतील, तर पहिली शंका या साडेतीन मिनिटांची घ्यावी. पडताळाही सोपा आहे. वर्षकुंडलीतला सूर्य जन्मकुंडलीतल्या सूर्याच्या अंश-कला-विकलांशी ताडून पाहावा. तो जुळत नसेल, तर ती वर्षप्रवेशाची कुंडलीच नव्हे.

पाश्चात्त्य पद्धतीत तिसरी वेळ निघते. तिथे राशिचक्र ताऱ्यांपासून नाही, तर वसंतसंपातापासून मोजतात, आणि संपात दरवर्षी थोडा मागे सरकतो. म्हणून ते सायन वर्ष निरयन वर्षाहून सुमारे वीस मिनिटांनी लहान असते. चाळीस वर्षांत हा फरक साडेतेरा तासांवर पोहोचतो. या मुलीचा सायन वर्षप्रवेश १४ जानेवारीला पहाटे पावणेचारच्या सुमारास होतो. ज्योतिषी अयनांशाच्या मूल्यावरून वाद घालतात, त्याचा मात्र या वेळेवर फारसा परिणाम होत नाही, कारण तोच अयनांश जन्माच्या आणि आताच्या दोन्ही सूर्यांना लागतो. परिणाम होतो तो सायन की निरयन या निवडीचा.

वेळ ठरली की मुंथा काढतात. जन्मलग्न दरवर्षी एक रास पुढे जाते असे मानून, चालू वर्षी ते जिथे पोहोचले असेल ती रास म्हणजे मुंथा. मीन बारावी रास. बारात गत वर्षे चाळीस मिळवली की बावन्न, बाराने भागले की बाकी चार, म्हणजे कर्क. वर्षलग्नापासून नववी, दहावी, अकरावी मुंथा उत्तम समजतात. पहिली, दुसरी, तिसरी आणि पाचवी कष्टाने फळ देणारी, तर चौथी, सहावी, सातवी, आठवी आणि बारावी त्रासाची. मुंथा कोणत्या राशीत आहे हे वेळेच्या चुकीने बदलत नाही, पण ती कोणत्या स्थानात पडते हे बदलते. मिथुन लग्नाला कर्केची मुंथा दुसऱ्या स्थानात, म्हणजे पैसा आणि कुटुंबाच्या घरात. कर्क लग्नाला ती थेट लग्नात, म्हणजे स्वतःच्या प्रकृतीवर.

यानंतरची पायरी वर्षेश निवडण्याची. ताजिकात वर्षाचा कारभार एका ग्रहाकडे असतो आणि त्या पदाला पाच उमेदवार असतात. मुंथेच्या राशीचा स्वामी, जन्मलग्नाचा स्वामी, वर्षलग्नाचा स्वामी, वर्षलग्नावरून ठरणारा त्रिराशिपती आणि दिनरात्रिपती. प्रवेश दिवसा झाला तर सूर्याच्या राशीचा स्वामी दिनरात्रिपती होतो, रात्री झाला तर चंद्राच्या राशीचा. या पाचांत बलवान असून वर्षलग्नाला पाहणारा जो, तो वर्षेश. ताजिकाची दृष्टी नेहमीच्या ज्योतिषाहून निराळी आहे. इथे दुसऱ्या, सहाव्या, आठव्या आणि बाराव्या स्थानातल्या ग्रहाला लग्न दिसत नाही.

साडेपाचच्या कुंडलीत सूर्य मावळलेला नाही, म्हणून प्रवेश दिवसाचा. उमेदवार होतात चंद्र, गुरू, बुध, आणि शनी दोनदा, कारण मिथुनेचा दिवसाचा त्रिराशिपती तोच आणि मकरेतल्या सूर्याचा राशिस्वामीही तोच. चंद्र कर्केत, दुसऱ्या स्थानी. गुरू वृषभेत, बाराव्या स्थानी. दोघांनाही लग्न दिसत नाही. बुध धनूत, लग्नासमोर. शनी स्वतःच्या कुंभेत, नवव्या स्थानी, म्हणजे अनुकूल दृष्टीत आणि स्वगृही. वर्षेश शनीच ठरतो. ज्योतिषी या वर्षाचे वर्णन चिवट कामाचे, वडीलधाऱ्यांच्या किंवा कायदेशीर बाबींच्या जबाबदारीचे, सावकाश पण टिकणाऱ्या फळाचे असे करील.

पावणेआठची कुंडली रात्रीची. तिथे चंद्र मुंथेचा, वर्षलग्नाचा आणि रात्रीचा, असा तीन नात्यांनी उमेदवार आहे आणि स्वतःच्या राशीत लग्नातच बसला आहे. बाराव्यातला गुरू आता अकराव्यात, लाभस्थानी येतो आणि लग्नाला पाहतो. वर्ष शनीचे न राहता चंद्राचे होते, आणि वर्णनात घर, मन, फिरती, माणसांचा लोभ येतो. मधल्या सव्वादोन तासांत ग्रह जवळजवळ जागच्या जागी राहिले. फक्त पूर्व क्षितिज फिरले.

दोन्ही कुंडल्यांत एक गोष्ट मात्र टिकते, आणि अनुभवी ज्योतिषी तिला जास्त वजन देतात. ती म्हणजे इत्थशाल. वेगवान ग्रह मंद ग्रहाच्या मागे असून दृष्टीच्या टप्प्यात त्याच्याकडे सरकत असेल, तर इत्थशाल, म्हणजे काम होऊ घातले आहे. तो ओलांडून पुढे गेला असेल तर ईशराफ, म्हणजे संधी होऊन गेली. या संध्याकाळी चंद्र कर्केच्या साधारण आठव्या अंशात आणि गुरू वृषभेच्या साडेसतराव्यात. अंतर नऊ-दहा अंशांचे. चंद्राचा टप्पा बारा अंश, गुरूचा नऊ, सरासरी साडेदहा, म्हणून योग जेमतेम पण होतो. मुंथेचा स्वामी जन्मलग्नाच्या स्वामीकडे चालला आहे. मंगळही कर्केतच, पण चंद्र त्याला सकाळीच ओलांडून गेलेला, तिथे ईशराफ. मंगळाच्या विषयातले भांडण किंवा घाई मागे पडली, आणि गुरूचे काम पुढे उभे आहे, असे त्याचे वाचन होते.

वर्षातला काळ ठरवण्यासाठी मुद्दा दशा वापरतात. विंशोत्तरीची १२० वर्षे ३६० दिवसांत बसवायची, म्हणजे दर वर्षाचे तीन दिवस. या मुलीचे जन्मनक्षत्र चित्रा, चौदावे. चौदात चाळीस मिळवून दोन वजा केले आणि नवाने भागले की बाकी सात, म्हणजे सूर्यापासून सातवा बुध. वर्ष बुधाच्या ५१ दिवसांनी सुरू होते, मग केतूचे २१ आणि शुक्राचे ६० दिवस.

दोन अडचणी उरतात. पहिली जन्मवेळेची. चार मिनिटांच्या चुकीने लग्न साधारण एक अंश सरकते, आणि ती चूक जशीच्या तशी वर्षलग्नात उतरते. दुसरी जागेची. ही मुलगी आता न्यू जर्सीत राहत असेल तर कुंडली पुण्याची मांडायची की तिथली? क्षण एकच, पण पुण्यात संध्याकाळचे साडेपाच तेव्हा तिथे सकाळचे सात, आणि लग्न पार वेगळे. परंपरा जन्मस्थानाच्या बाजूची आहे. पाश्चात्त्य ज्योतिषांत अनेकजण राहत्या गावाची कुंडली मांडतात, काही तर चांगले लग्न मिळावे म्हणून वाढदिवसाला दुसऱ्या शहरी जायला सांगतात. यातली कोणती रीत खरी, हे ठरवणारी चाचणी शास्त्रात नाही. वर्षप्रवेशाचा क्षण खगोलगणिताने सेकंदापर्यंत काढता येतो. त्या क्षणाचा माणसाच्या पुढच्या वर्षाशी संबंध असतो हे मात्र प्रयोगाने सिद्ध झालेले नाही, ते परंपरेने मानलेले आहे.